झुकलेल्या कपाळावरची विभूती: एका तसबिरीचे प्रकरण

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला तीन आठवडे उरले असताना बाळीवेशीकडचे एक कुटुंब आमच्या स्टुडिओत आले. घरातले आप्पा पावसाळ्यात वारले होते. त्यांनी तरुणपणी सिद्धेश्वरांचा नंदीध्वज पेलला होता, आणि संक्रांतीला सातही नंदीध्वज मिरवणुकीने निघतील त्या दिवशी घरातल्या देवघराशेजारी त्यांची बारा बाय अठरा इंचाची तसबीर लागावी, अशी सुनेची इच्छा होती. निवडलेला फोटो नातवाच्या लग्नातला होता. आप्पा खुर्चीत बसलेले होते, अंगात पांढरा सदरा होता, चेहरा त्यांच्या डाव्या बाजूला थोडा वळलेला आणि हनुवटी खाली झुकलेली होती. फोटो स्वच्छ होता, डोळे सुंदर आले होते, पण मे महिन्याच्या उकाड्यात कपाळ पुसल्यामुळे विभूती राहिली नव्हती. पन्नास वर्षे एक दिवसही विभूतीशिवाय घराबाहेर न पडलेल्या माणसाची तसबीर मोकळ्या कपाळाची लावायची नाही, यावर घरातल्या सर्वांचे एकमत होते.

हे काम वरवर पाहता दहा मिनिटांचे वाटते, आणि आमच्याकडे पहिल्यांदा ते तसेच झाले. सहकाऱ्याने फोटोशॉपमध्ये पांढऱ्या ब्रशने तीन समांतर पट्टे काढले, त्यांच्या कडा थोड्या पुसट केल्या आणि ते मधे उंच व दोन्ही टोकांना खाली येतील असे कमानीसारखे वाकवले. कपाळ गोल असते, म्हणून रेषाही कमानदार हवी, एवढाच त्यामागे विचार होता. तो फोटो सुनेने पाहिला आणि म्हणाली, “दादा, विभूती आहे, पण आप्पा असे वर बघत नव्हते.” डोळ्यांना आम्ही हातही लावला नव्हता. तरीही तिचे म्हणणे अगदी बरोबर होते, आणि ते बरोबर का होते हे शोधण्यातच या कामाचा बहुतेक वेळ गेला.

रेषा कोणत्या बाजूला वाकते

कपाळाला तात्पुरते एक उभे नळकांडे समजावे आणि त्याभोवती दोरा आडवा गुंडाळला आहे असे मानावे. डोळ्यांच्या वर असलेला दोरा खालून पाहिला, तर आपल्या जवळचा मधला भाग उंच दिसतो आणि कडेला गेलेले भाग खाली उतरतात. बुरुजाचा माथा पायथ्याशी उभे राहून पाहिल्यावर असाच कमानदार दिसतो. तोच दोरा वरून पाहिला, तर जवळचा भाग खाली दिसतो आणि टोके वर जातात, जशी पाण्याने भरलेल्या हंड्याची पुढची कड दिसते. म्हणजे एकाच कपाळावरची तीच रेषा मान वर असेल तर कमान होते आणि मान झुकलेली असेल तर झोळी होते. आप्पांची मान झुकलेली होती. आम्ही काढलेली कमान मान वर केलेल्या माणसाच्या कपाळावर शोभली असती, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याने नकळत तोच अर्थ लावला. नाक, भुवया आणि हनुवटी एक सांगत होती, पट्टे दुसरेच सांगत होते.

झुकाव ओळखण्यासाठी कपाळावरच्या सुरकुत्यांचा आधार घ्यावा, असे अनेक जण सांगतात. तो आधार अर्धाच खरा आहे. भुवया उचलणारा स्नायू कपाळाच्या मध्यभागी विरळ असतो, त्यामुळे पुष्कळ माणसांच्या आठ्या मान सरळ असतानाही मधे खाली उतरलेल्या असतात. त्यांच्यावरून वळण घेतले तर झुकाव आहे त्यापेक्षा जास्त धरला जाण्याचा धोका असतो. मी त्याऐवजी कानाकडे पाहतो. मान सरळ असताना कानाचा वरचा भाग साधारण भुवईच्या पातळीत येतो आणि पाळी नाकाच्या खालच्या टोकाच्या पातळीत येते. आप्पांचा दिसणारा कान भुवईपेक्षा बराच वर गेला होता. त्यावरून मी झुकाव अंदाजे 15 अंश धरला, आणि नाकाचा दांडा दोन्ही गालांच्या मधून किती सरकला आहे ते पाहून चेहऱ्याचे वळण अंदाजे 30 अंश धरले. हे अंदाज दोन-चार अंशांनी चुकले तरी चालतात. वाकण्याची दिशा चुकून चालत नाही.

आकडे

पट्ट्यांची जाडी नजरेने ठरवली, तर ती हमखास जास्त होते, म्हणून मोजमाप फोटोतूनच काढावे लागते. प्रौढ माणसाच्या डोळ्यातले रंगीत बुबुळ जवळजवळ सर्वांचेच 12 मिलिमीटरच्या आसपास असते, आणि आप्पा कॅमेऱ्याकडेच पाहत असल्याने ते तिरके झालेले नव्हते. फोटोत त्याची रुंदी 60 पिक्सेल भरली, म्हणजे प्रत्यक्षातल्या एका मिलिमीटरला 5 पिक्सेल. बोटाने ओढलेला भस्माचा पट्टा साधारण 10 मिलिमीटरचा, म्हणजे 50 पिक्सेलचा, आणि दोन पट्ट्यांमधली फट त्याच्या निम्मी धरली. तिन्ही पट्टे आणि दोन फटी मिळून उंची 200 पिक्सेल झाली. पहिल्या प्रयत्नात हीच उंची 290 होती, म्हणून विभूती कपाळावर पट्टी बांधल्यासारखी दिसत होती.

आता लांबीचा प्रश्न. कपाळाची त्रिज्या अंदाजे 80 मिलिमीटर, म्हणजे फोटोत 400 पिक्सेल धरली, आणि घरच्या जुन्या फोटोंवरून पट्टे कपाळाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे 40 अंशांपर्यंत जात असल्याचे दिसले. सपाट पसरले तर ते 560 पिक्सेल लांब होतात, दोन्ही बाजूंना 280. परंतु चेहरा 30 अंश वळलेला असल्यामुळे कपाळाचा मध्य आपल्या समोर नाही. आपल्या जवळची बाजू उणे 10 अंशांपासून 30 अंशांपर्यंत येते आणि लांबची बाजू 30 पासून 70 पर्यंत जाते. त्या कोनांची साइन काढून त्रिज्येने गुणले, तर जवळचा अर्धा भाग सुमारे 270 पिक्सेल दिसायला हवा आणि लांबचा अर्धा भाग केवळ 176. सहकाऱ्याने दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या होत्या. त्यामुळे लांबच्या बाजूचा पट्टा कानशिलावर चढून जणू हवेत तरंगत होता.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघाली, जी मला स्वतःला आधी सुचली नव्हती. झोळीचा सर्वांत खालचा बिंदू कपाळाच्या मध्यावर येत नाही. भिंगाच्या अगदी समोर आलेल्या भागाकडे तो सरकतो. 15 अंशांच्या झुकावाला मध्यापासून जवळचे टोक 12 पिक्सेल खाली आणि लांबचे टोक सुमारे 55 पिक्सेल वर जायला हवे होते. म्हणजे पट्टा जवळच्या बाजूला जवळपास सपाट राहतो आणि लांबच्या बाजूला झपाट्याने वर वळतो. भुवयांची रेषा जरा कलती असेल, तर तेवढा कल या सगळ्या आकाराला नंतर एकत्र द्यावा लागतो. आमच्या फोटोत तो अडीच अंशांचा होता.

खरे कपाळ अर्थातच नळकांड्यासारखे नसते. मधला भाग बराच सपाट असतो आणि कानशील जिथे सुरू होते तिथे हाडाची एक कड लागते, तिच्यापाशी पृष्ठभाग एकदम मागे वळतो. शिवाय वर केसांकडे जाताना डोक्याचा घेर कमी होत जातो, म्हणून सर्वांत वरचा पट्टा खालच्या पट्ट्यापेक्षा थोडा अधिक वाकतो. तिन्ही पट्ट्यांना अगदी एकसारखे वळण दिले की पाहणाऱ्याला काहीतरी कृत्रिम जाणवते, मग त्याला कारण सांगता आले नाही तरी.

भस्म कुठून आणायचे

ब्रशने काढलेला पांढरा रंग भस्मासारखा दिसत नाही. भस्म कोरडे आणि पिठूळ असते, बोटांच्या ओढीच्या दिशेने त्यात बारीक रेघा उमटतात, बोट टेकते तिथे ते दाट असते आणि उचलते तिथे विरळ होते. म्हणून आम्ही काळ्या कार्डपेपरवर खऱ्या विभूतीचे तीन बोटांनी पट्टे ओढले, सावलीत, कॅमेरा बरोबर वरून धरून त्यांचा फोटो काढला आणि त्या फोटोतला उजेड-अंधार मास्क म्हणून वापरला. लेयरमध्ये केवळ एकच रंग होता, किंचित उबदार करडा-पांढरा. त्याचा दाट-विरळपणा पूर्णपणे त्या मास्कमधून आला. रंग नंतर कितीही बदलला तरी बोटांच्या रेघा जशाच्या तशा राहतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

या लेयरचा स्मार्ट ऑब्जेक्ट करून `Edit > Transform > Warp` ने वर सांगितलेल्या मापांनी वळण दिले. त्याआधी वेगळ्या लेयरवर कपाळाची मध्यरेषा आणि तीन आडव्या मार्गदर्शक रेषा काढून घेतल्या, आणि जाळी त्या रेषांवर बसवली. जाळीचा बिंदू हलवताना लांबच्या टोकाकडे पोत दाटलेला दिसला पाहिजे, कारण तिथे तेवढेच भस्म कमी जागेत दिसते. स्मार्ट ऑब्जेक्ट असल्यामुळे वळण पुन्हा पुन्हा उघडून सुधारता आले. आम्ही ते पाच वेळा उघडले.

यानंतर आठ्यांचा प्रश्न येतो, कारण पट्टे आठ्यांबरोबर किंचित वाकलेले दिसले पाहिजेत. त्यासाठी `Filter > Distort > Displace` वापरतात, आणि तिथेच बहुतेकांचे काम बिघडते. या फिल्टरला खोली कळत नाही. आपण नकाशा म्हणून दिलेल्या दुसऱ्या फाइलमधला उजेड-अंधार तो वाचतो: मधला करडा, म्हणजे 128, असेल तिथे काही हलत नाही, त्यापेक्षा उजळ भाग एका दिशेला आणि गडद भाग उलट दिशेला सरकतो. आप्पांच्या कपाळावर फ्लॅशचा एक मोठा चकाकता डाग होता. कपाळाची नुसती कृष्णधवल प्रत नकाशा म्हणून दिली, तेव्हा फिल्टरने त्या चकाकीला टेंगूळ समजून तिन्ही पट्टे तिथे ढकलले. उपाय सोपा आहे. पूर्ण फोटोच्या मापाची कृष्णधवल प्रत घेऊन तिच्यावर `Filter > Other > High Pass` सुमारे 25 पिक्सेलने लावला, की मोठ्या उजेडाचे चढउतार निघून सर्व पृष्ठभाग 128 च्या आसपास येतो आणि केवळ आठ्या उरतात. मग 3 पिक्सेलचा हलका ब्लर दिला, कारण तसे केले नाही तर त्वचेची छिद्रेही पट्ट्याची कड कुरतडतात. ही प्रत `.psd` म्हणून साठवली, वळवलेल्या पट्ट्यांची प्रत रास्टर केली आणि आडवे-उभे दोन्ही प्रमाण 5 ठेवून फिल्टर लावला. 15 ठेवले तर पट्टे पाण्यातल्या सावलीसारखे थरथरतात.

आठीच्या घडीत भस्म नीट पोहोचत नाही, हे मात्र फिल्टर करून देत नाही. ते मास्कवर 3 ते 4 पिक्सेलच्या ब्रशने हाताने काढावे लागते, प्रत्येक घडीच्या तळाशी एक बारीक, तुटक रेघ. लेयरच्या `Blend If` सरकपट्टीने गडद त्वचेवरचे भस्म आपोआप लपवता येते असे सुचवले जाते, पण आमच्या फोटोत लांबची बाजू सावलीत होती आणि त्या सरकपट्टीने आठ्यांबरोबर तिकडचा सगळा पट्टाच गिळला.

उजेड

वळण बरोबर झाल्यावरही विभूती चिकटवल्यासारखी दिसत होती, आणि त्याला दोन वेगळी कारणे होती. पहिले कारण म्हणजे पट्ट्यांचे पांढरे सावलीतही तितकेच पांढरे राहिले होते. सदऱ्याची उजेडातली बाजू मोजली तर 228 भरली आणि सावलीतली 120. भस्म धुतलेल्या कापडापेक्षा नेहमीच मळकट असते, म्हणून उजेडात ते 200 च्या वर आणि सावलीत 105 च्या वर जाऊ द्यायचे नाही असे ठरवले. त्यासाठी कपाळाची कृष्णधवल प्रत 40 पिक्सेलने ब्लर करून ती विभूतीच्या लेयरला क्लिप केली, `Multiply` वर ठेवली आणि `Levels` ने या दोन आकड्यांपर्यंत आणली.

दुसरे कारण अधिक बारीक होते आणि ते फ्लॅशच्या त्याच डागात दडले होते. त्वचा तेलकट असल्यामुळे चकाकते, पण भस्म राख आहे आणि राख कधीच चकाकत नाही. विभूतीखालून चकाकी दिसत राहिली, की पाहणाऱ्याला पट्टा त्वचेवर न वाटता काचेवर ओढल्यासारखा वाटतो. म्हणून विभूतीच्या खाली एक वेगळा लेयर घेऊन पट्ट्यांच्या जागेपुरती चकाकी शेजारच्या त्वचेच्या रंगाने शांत केली. दोन पट्ट्यांमधल्या फटीत मात्र ती तशीच राहू दिली, कारण तिथे त्वचा उघडी आहे. उजेडाच्या वर दिलेल्या प्रतीतूनही तो डाग काढून टाकावा लागला, नाहीतर तो मागच्या दाराने परत आला असता. या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा इतर कशानेच पडला नाही. कुंकवाच्या टिळ्याला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नये. ओले गंध किंवा मेणावर लावलेले कुंकू स्वतःच थोडे चकाकते आणि त्याला `Multiply` शोभते, कारण ते त्वचेला गडद करते. उत्सवात गालावर रंगवलेल्या जाड रंगाला तर स्वतःची चकाकी आणि कडेला स्वतःची बारीक सावलीही असते.

शेवटी मूळ फोटोतल्या कणांशी जुळावे म्हणून पट्ट्यांवर `Add Noise` दोन टक्के, `Gaussian` आणि `Monochromatic` ठेवून दिला, आणि कानशिलावरचे चार-पाच पांढरे केस पट्ट्याच्या वर येतील असे मास्कमधून मोकळे केले.

तपासणीची माझी एक सवय आहे. फोटोचा लेयर बंद करून केवळ पट्टे करड्या पार्श्वभूमीवर पाहायचे. चेहरा नसतानाही ते कशाभोवती तरी गुंडाळलेले दिसले आणि ते काहीतरी कोणत्या बाजूला वळले आहे हे सांगता आले, तर वळण जमले. आमच्या पहिल्या प्रयत्नातले पट्टे असे पाहिल्यावर ते सरळ कागदावरचे इंद्रधनुष्य दिसत होते.

डावे-उजवे

पट्ट्याची दाट बाजू कोणती, हे आम्ही घरच्यांनी दिलेल्या मोबाइलवरच्या फोटोवरून ठरवले होते. त्यात भस्म आप्पांच्या उजव्या बाजूला दाट दिसत होते. उजव्या हाताने विभूती लावणारा माणूस बोटे डावीकडे टेकवून उजवीकडे ओढतो, त्यामुळे दाट बाजू डावीकडे असायला हवी होती, आणि हे जुळत नव्हते. मग सदऱ्याचा खिसा पाहिला. तो छातीच्या उजव्या बाजूला होता. म्हणजे तो सेल्फी होता आणि फोनने तो आरशासारखा उलटा साठवला होता. आप्पांचा चेहरा डावीकडे वळलेला असल्याने त्यांची डावी, दाट बाजू फोटोत लांबची होती. दाटपणा तिकडे नेल्यावर आधीच दाटलेला पोत आणखी गच्च झाला, म्हणून त्या टोकाला लेयरची तीव्रता थोडी कमी करावी लागली.

मंजुरीसाठी आठ बाय बाराचा एक नमुना छापून दिला. दुसऱ्या दिवशी सून आप्पांच्या पत्नीला घेऊन आली. अव्वांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. मान, वळण, रंग यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी खालच्या पट्ट्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “ही रेघ इतकी भरत नव्हती. त्यांचं हे बोट यंत्रमागात सापडलं होतं, ते नीट टेकायचंच नाही.” त्यांनी आपली अनामिका वाकवून दाखवली. कपाळावर आडवा हात धरला की तर्जनी वरच्या पट्ट्यावर येते आणि अनामिका सर्वांत खालच्या पट्ट्यावर, हे आम्हाला ठाऊक होते, पण त्या बोटाची गोष्ट कोणत्याच फोटोतून कळण्यासारखी नव्हती. खालच्या पट्ट्याचा मास्क मधल्या भागात निम्म्यावर आणला, उजव्या टोकाला तो जवळजवळ पुसून टाकला आणि अव्वा बसलेल्या असतानाच पडद्यावर दाखवला. त्यांनी मान हलवली, आणि संध्याकाळी तसबीर मॅट कागदावर छपाईला गेली.